"आम्हाला ती आवडते" एवढंच? एका स्वीडिश पत्राच्या मराठी भाषांतराचं प्रकरण

हे प्रकरण एका पानाच्या पत्राचं आहे. पत्र लिहिलं उत्तर स्वीडनमधल्या एका निवृत्त माणसानं, ल्युक्सेले गावाच्या बाहेर जंगलाला लागून त्यांचं घर आहे, आणि पत्र लिहिलं सांगलीतल्या आपल्या होणाऱ्या व्याह्यांना. त्यांचा मुलगा आणि सांगलीची मुलगी चार वर्षं स्टॉकहोमला एकत्र राहत होते, लग्न जानेवारीत सांगलीला करायचं ठरलं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये वडिलांनी स्वतःहून हातानं पत्र लिहून पोस्टात टाकलं. दोन्ही घरांनी परवानगी दिली म्हणून हे लिहितेय, नावं मात्र कुणाचीच देत नाही, पत्रात मुलीचं नाव जिथे होतं तिथे मी 'ती' लिहीन.

पत्र सांगलीला पोचलं ते दोन उड्या मारून. मुलानं त्याचं इंग्रजी केलं, मुलीच्या मामेभावानं पुण्यात बसून त्या इंग्रजीचं मराठी केलं आणि व्हॉट्सॲपवर आत्याला पाठवलं. आत्यानं, म्हणजे मुलीच्या आईनं, ते वाचलं आणि त्या रात्री मुलीला फोन करून रडल्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की या घरात माझ्या पोरीला कुणी जीव लावणार नाही. मुलगी म्हणाली आई अगं ते माझ्यावर खूप प्रेम करतात, आई म्हणाल्या मग पत्रात तसं का नाही लिहिलं, तर याचं उत्तर मुलीला देता येईना, कारण तिला ते जाणवत होतं पण मराठीत दाखवता येत नव्हतं. मग मूळ पत्राचा फोटो माझ्याकडे आला. मी १२ वर्षं स्वीडनमध्ये आहे आणि स्वीडिश-मराठी दुभाषी आणि भाषांतराचं काम करते.

तर आधी सांगलीला काय पोचलं ते बघू. पत्रातल्या सहा वाक्यांभोवती सगळं फिरतं. पहिल्या मराठीत ती अशी होती:

"तुम्ही पाठवलेला चिवडा संपला आहे. ऑगस्टमध्ये ती माझ्यासोबत दलदलीत बेरी वेचायला आली होती, आम्हाला नऊ लिटर मिळाल्या. शेजारी विचारतात की तिच्याबद्दल आमचं मत काय आहे. आम्हाला ती आवडते. हॉलमध्ये आता तिचा स्वतःचा हुक आहे. ते दक्षिणेला गेले तेव्हा रिकामं झालं."

यात चुकीचं असं जवळपास काहीच नाही, शब्दाला शब्द लावून बघितलं तर बरोबर आहे. तरीसुद्धा आईंना वाचताना काय वाटलं असेल ते बघा. चिवडा संपला म्हणजे अजून पाठवा की काय. पोरीला चिखलात का घेऊन गेले. शेजारी मत विचारतात म्हणजे तिथेही नावं ठेवणारे आहेत. आणि मग ते वाक्य, "आम्हाला ती आवडते". आईंचे शब्द असे होते, "चार वर्षं झाली एकत्र राहून आणि आत्ता पसंती कळवतायत का?"

इथेच खरी मेख आहे. मराठीत सासरच्या माणसांच्या पत्रात 'मुलगी आवडली' हे वाक्य कोऱ्या पाटीवर येत नाही, त्याला कांदेपोह्यांचा वास आहे. मुलगी बघायला आलेले लोक घरी जाऊन कळवतात तेच ते वाक्य. एरवी आपलं 'आवडणं' फार मोठं आहे, मुलगा मुलीला "मला तू आवडतेस" म्हणतो तेव्हा ते पूर्ण कबुलीचं वाक्य असतं, "माझं तुझ्यावर प्रेम आहे" हे त्यापुढे सिनेमातलं वाटतं. म्हणजे थोड्या शब्दात खूप सांगायची सोय मराठीत आहे, इंग्रजीत नाही तेवढी, इंग्रजीत 'लाइक' आणि 'लव्ह' अशा दोन खोल्या आहेत आणि मधे भिंत. पत्र इंग्रजीतून गेलं तेव्हा 'लाइक'च्या खोलीत अडकलं आणि तिथून मराठीत उतरलं ते नेमकं व्याह्यांच्या तोंडी, जिथे 'आवडते' म्हणजे पसंती.

आता मूळ वाक्य. स्वीडिशमध्ये ते "वी त्युकर ऑम हेने" असं आहे. त्याच्या आधीच्या वाक्यात, शेजारी काय विचारतात त्यातही, "त्युकर ऑम हेने" हेच शब्द आहेत, लिहिलेले डिट्टो तेच. पण दोन्हींचा अर्थ वेगळा. नुसतं 'त्युका' म्हणजे वाटणं, मत असणं, आणि 'ऑम' म्हणजे बद्दल. बोलताना जोर 'त्युका'वर दिला आणि 'ऑम' हलकं सोडलं तर अर्थ होतो 'तिच्याबद्दल काय वाटतं'. जोर 'ऑम'वर दिला की ते एकच क्रियापद होतं आणि अर्थ होतो आवडणं, माया असणं. कागदावर जोर दिसत नाही, वाक्यावरून ओळखायचा. म्हणजे त्या माणसानं लिहिलंय की शेजारी विचारतात तुम्हाला तिच्याबद्दल काय वाटतं, आणि पुढे तेच शब्द घेऊन जोर फिरवून उत्तर दिलंय, आणि पूर्णविराम. मला हे वाक्य वाचून खूप भरून आलं. हा माणूस शब्द शोधत बसला असणार आणि त्याला सगळ्यात छोटा शब्द खरा वाटला असणार.

पण मला भरून आलं हा पुरावा नाही. स्वीडिशमध्ये 'त्युका ऑम' कॉफीबद्दलही म्हणतात, पावसाबद्दलही म्हणतात. मग इथे ते खोल आहे हे कशावरून? याची एक पद्धत मी वापरते, ती जरा सावकाश सांगते कारण पूर्ण प्रकरण तिच्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट, या माणसाच्या शब्दांची शिडी किती उंच आहे ते शोधायचं. स्वीडिशमध्ये प्रेमाच्या शब्दांची शिडी साधारण अशी की खाली 'यिल्ला', हे हलकं, गाणं आवडतं, पिझ्झा आवडतो. मग 'त्युका ऑम'. मग 'होल्ला आव', शब्दशः धरून असणं, जुनं आणि फार खोल, पत्रात आणि मरणाच्या दारात वापरायचं. आणि 'एल्स्का' म्हणजे प्रेम करणं. तरुण पोरं आता इंग्रजीच्या सवयीनं 'एल्स्का' सर्रास म्हणतात, पण सत्तरीच्या पुढच्या, त्यातून उत्तरेच्या माणसाच्या तोंडून ते क्वचितच येतं. मी मुलाला विचारलं, बाबांनी तुला कधी 'एल्स्का' म्हटलंय का. तो म्हणाला नाही, आईलाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. मग 'होल्ला आव'? आजी गेली तेव्हा एकदा. म्हणजे जिवंत माणसांसाठी या माणसाची शिडी 'त्युका ऑम'लाच संपते, आणि त्यानं सुनेला सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवलंय. दुसऱ्या कुणी, जो रोज चार लोकांना 'एल्स्का' म्हणतो, त्यानं हेच वाक्य लिहिलं असतं तर मी त्याचा अर्थ थंड लावला असता.

दुसरी गोष्ट, शब्दाच्या शेजारी काय ठेवलंय ते बघायचं. माणूस नुसतं सौजन्य म्हणून लिहितो तेव्हा वाक्याला गोंडे लावतो, 'फार', 'खरोखर', 'मनापासून'. इथे काहीच नाही. या भागात शब्द वाढवले की लोकांना वाटतं हा काहीतरी झाकतोय. आणि त्या वाक्याच्या आजूबाजूला नुसत्या वस्तू आहेत, बेरी, खुंटी, रिकामं घर. हा माणूस भावना सांगत नाही, काय केलं आणि काय बदललं ते सांगतो.

तिसरी म्हणजे शक्य असेल तर त्यालाच विचारायचं. मी फोन केला. विचारलं की या वाक्याचं मराठी करताना तुम्ही तिला 'होल्ला आव' करता असं मी समजू का. पलीकडे शांतता, आणि मग तो आवाज आला जो उत्तर स्वीडनमध्ये गेल्याशिवाय कळत नाही, हो म्हणायच्या ऐवजी ओठांचा चंबू करून हवा पटकन आत ओढतात, 'शूप' असा. नवीन माणसाला वाटतं यांना धाप लागली. हो आहे ते, पक्कं हो. आणि मग म्हणाले, "दे फोश्तोर दोम वेल." म्हणजे 'ते त्यांना कळेलच की.' या 'वेल'मध्ये त्यांची खात्री होती की दोन घरची मोठी माणसं एवढं समजून घेतात. मी त्यांना सांगितलं नाही की सांगलीत तसं झालं नाहीये.

आता शब्द ठरवायचा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे आवाज चढवणं. "आमचा तिच्यावर फार जीव आहे", "ती आम्हाला पोटच्या पोरीसारखी आहे". आईंना हेच ऐकायचं होतं, आणि खोटंही नव्हतं. तरी मी ते केलं नाही. एक तर तसं लिहिलं की तो माणूस राहत नाही, त्याच्या जागी मराठी मालिकेतला सासरा येऊन बसतो, आणि जानेवारीत हा सहा फूट उंच गप्प माणूस सांगली स्टेशनवर उतरून नुसती मान हलवेल तेव्हा आईंना दुसऱ्यांदा धक्का बसेल. दुसरं म्हणजे त्यानं जाणूनबुजून थांबायचं ठिकाण निवडलंय, त्यापुढे मी त्याला ढकलायचं नाही.

मग मी 'त्युका'कडेच परत गेले. हे क्रियापद मुळात 'वाटणं', 'भासणं' या घरातलं आहे. आणि मराठीत 'वाटणं' आहे की! मत असणंही वाटणं आणि जवळचं असणंही वाटणं. तीन दिवस मी 'आवडणं'भोवती फिरत होते आणि शब्द शेजारच्याच वाक्यात होता. शेवटी झालं ते असं:

"शेजारीपाजारी विचारतात, ती तुम्हाला कशी वाटते. आम्हाला ती आपली वाटते."

तेच क्रियापद दोनदा, जोर फिरलेला, शब्द छोटे, पूर्णविराम जागच्या जागी. 'आपली' हा शब्द मूळ पत्रात नाही हे मला मान्य आहे. पण 'ऑम'वरचा जोर कागदावर जे काम करतो ते मराठीत कुणीतरी करायला हवं होतं, ते 'आपली' करतं, आणि मराठी माणसाला 'आपलं माणूस' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

बाकीची वाक्यं मला याहून जास्त शिकवून गेली, खास करून बेरीचं. पत्रात शब्द आहे 'यूर्ट्रॉन'. हे उत्तरेकडच्या पाणथळ, शेवाळी जमिनीत उगवणारं फळ आहे, एका देठाला एकच फळ, कच्चं असताना लाल आणि पिकलं की मधासारखं पिवळसर नारिंगी आणि मऊ होतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या हिशोबाच्या बरोबर उलटं. जुलै अखेर ते ऑगस्ट मध्यापर्यंत थोडेच दिवस मिळतं. आणि त्या भागात एक अलिखित नियम आहे की आपली यूर्ट्रॉनची जागा कुणाला सांगायची नाही. कोकणात अळंबीची जागा जसं कुणी बोलून दाखवत नाही तसंच. घराघराच्या जागा असतात, बापाकडून मुलाकडे येतात. त्यामुळे "ऑगस्टमध्ये ती माझ्यासोबत आली होती" हे त्या पत्रातलं कदाचित सगळ्यात मोठं वाक्य आहे, 'त्युका ऑम'हूनही मोठं, आणि सांगलीत ते पोचलं कसं, तर पोरीला चिखलात नेली.

भाषांतरकाराच्या हाताला इथे खाज सुटते. वाटतं की कंसात घालूया, 'ही जागा इथले लोक कुणाला दाखवत नाहीत'. पण पत्र त्या माणसाचं आहे, त्यानं मोठेपणा केलेला नाही, मी त्याच्या तोंडी घातला तर तो उपकार बोलून दाखवल्यासारखा होईल. मग काय करायचं? मूळ वाक्य नीट बघितलं तर तिथेच वाट होती. त्यानं 'एका पाणथळ जागी' असं लिहिलेलं नाही, स्वीडिशमध्ये नामाच्या शेवटी जो छोटा प्रत्यय लागतो आणि 'ठरलेली, माहितीतली' असा अर्थ देतो तो लावून लिहिलंय. हा प्रत्यय मराठीत नाही, पण घरातल्या गोष्टींच्या बाबतीत बऱ्याचदा त्याचं काम 'आमचा, आपला' करतो. म्हणून मी लिहिलं, "ऑगस्टमध्ये ती माझ्याबरोबर आमच्या यूर्ट्रॉनच्या जागेवर आली होती. नऊ लिटर निघाली." दलदल हा शब्द काढला, कारण मराठीत दलदल म्हणजे माणूस रुततो ती, आणि फळाचं नाव तसंच ठेवलं कारण 'बेरी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी येते. आणि मुलीला वेगळा मेसेज केला की आईला त्या जागेची गोष्ट तू सांग, ती तुझी आहे, माझी नाही. तिनं सांगितलं. नंतर कळलं की त्यांनी ती जागा स्वतःच्या भावालाही दाखवलेली नाही.

खुंटीचं वाक्य सोपं वाटतं पण तिथे एक खड्डा होता. पत्रात 'हाल' असा शब्द आहे, पण तो आपला हॉल नाही, म्हणजे बैठकीची खोली नाही. दारातून आत आल्या आल्या जी छोटी जागा असते, जिथे बूट काढतात, कोट अडकवतात, ती. आईंनी वाचलं की हॉलमध्ये तिचा हुक आहे आणि त्यांना समजेना की बैठकीच्या खोलीत भिंतीला हुक कशाला. उत्तरेत वर्षातले सहा-सात महिने जाड कोट घालायचा असतो, घरातल्या प्रत्येकाची खुंटी ठरलेली असते आणि पाहुण्याचा कोट दुसरीकडे, किंवा कुणाच्यातरी कोटावरच चढतो. खुंटी मिळाली म्हणजे पाहुणेपण संपलं. मी लिहिलं, "दारातल्या खुंट्यांपैकी एक आता तिची आहे." 'स्वतःचा' काढलं, ते मराठीत हट्टाचं वाटतं, वेगळं राहिल्यासारखं. 'आता' ठेवलं, कारण सगळा अर्थ त्या 'आता'त आहे, आधी नव्हती.

आणि शेवटचं, "दे ब्लेव तुम्त नेर दोम ओक्ते". शब्दशः रिकामं झालं जेव्हा ते गेले. पहिल्या मराठीत 'रिकामं झालं' वाचून आईंना वाटलं की मोकळं मोकळं वाटलं, सुटले एकदाचे पाहुणे असं. त्यांचं चुकलं म्हणता येत नाही, मराठीत रिकामं होणं आणि मोकळं होणं अगदी शेजारी आहेत. स्वीडिशमध्ये मात्र माणसं गेल्यावर 'तुम्त' झालं म्हणजे त्यांची कमी जाणवते, याचा दुसरा अर्थ होतच नाही. इथे माझ्या समोर तीन शब्द होते. "घर खायला उठलं" हे अस्सल आहे पण फार मोठं, ते मयतानंतरच्या घराला लागतं. "करमेनासं झालं" छान आहे पण त्यात बोलणारा स्वतःकडे बघतो, आणि हा माणूस पूर्ण पत्रात एकदाही स्वतःकडे बघत नाही, तो घराकडे बघतो. मग राहिलं "घर सुनं झालं". तिथे एक अडचण आली, आधीच्या मसुद्यात मी 'सून' शब्द वापरला होता, आणि "सून गेली नि घर सुनं झालं" असं यमक जुळायला लागलं, उखाण्यासारखं. म्हणून तो काढला. शेवटी, "ती दोघं परत गेली आणि घर सुनं झालं."

चिवड्याचं वाक्य मी जवळपास तसंच ठेवलं, फक्त 'आहे' काढलं. "चिवडा संपला." मराठीत नुसतं "चिवडा संपला" म्हटलं की त्यात कौतुक येतं, 'आहे' लावलं की हिशोब येतो. एवढ्या छोट्या फरकावर माझा एक अख्खा दुपारचा वेळ गेला आणि मला तो वाया गेला असं अजिबात वाटत नाही.

फिनलंडची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण हे सगळं फक्त या एका कुटुंबाचं नाही. तुर्कूमध्ये दुभाषी असलेली माझी एक मैत्रीण आहे, तिनं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यासाठी हॉस्पिटलमध्ये काम केलं होतं, त्याची बायको आजारी होती आणि परदेशी नर्सनं सहज विचारलं की तुमचं लग्न प्रेमाचं का. तो म्हणाला, "क्युल्ला मा सीता त्युक्कान." शब्दाला शब्द लावला तर 'हो, मी त्याच्यापासून आवडतो' असलं काहीतरी विचित्र होतं. त्यातलं 'त्युक्का' हे स्वीडिश 'त्युका'च, फिनिशनं उसनं घेतलेलं. 'सीता' म्हणजे 'ते' या वस्तूच्या सर्वनामाचं रूप, बोली फिनिशमध्ये माणसालाही 'ते' म्हणतात, त्यात अपमान नाही, उलट घरगुतीपणा आहे. आणि 'क्युल्ला' म्हणजे हो, पण इथे ते नुसतं हो नाही, वाक्यावर मारलेला शिक्का आहे. मैत्रिणीनं मला विचारलं तुझ्या भाषेत कसं करशील, आणि मला उत्तर एका सेकंदात सापडलं, "आवडतेच ती मला." आपला 'च'. तो 'क्युल्ला'चं पूर्ण काम करतो. एवढ्या एका अक्षरात ५० वर्षांचा संसार बसतो.

पण तीच मैत्रीण बजावते की फिनिशमध्ये 'इहान किवा' म्हणजे 'अगदी छान' असं कुणी म्हटलं तर त्याच्या मागे काही खोल शोधू नकोस, ते खरंच कोमट असतं, बऱ्याचदा नापसंतीच असते. उत्तरेकडचे लोक कमी बोलतात म्हणून त्यांचं प्रत्येक कमी बोलणं प्रेमाचं असतं असं धरून चालणारा भाषांतरकार घोळ करतो. तो घोळ मी स्वतः केलाय. काही वर्षांपूर्वी एका शाळेत पालकांच्या मीटिंगला दुभाषी म्हणून बसले होते, शिक्षिका मुलाच्या वाचनाबद्दल म्हणाल्या "दे गोर ओके", आणि मी तेव्हा नुकतंच शिकले होते की हे लोक कमी बोलतात, म्हणून सांगितलं "छान चाललंय". चाललं नव्हतं. पालकांनी जास्तीच्या तासांची गरज नाही म्हटलं आणि पोराचं अख्खं एक सत्र गेलं. तेव्हापासून मी शिडी शोधल्याशिवाय शब्द चढवत नाही. शाळेतल्या बाईंच्या शिडीवर 'ओके'च्या वर 'चांगलं' आणि 'खूप चांगलं' हे शब्द होते आणि त्यांनी ते दुसऱ्या मुलांसाठी वापरलेही होते, हे मी नीट ऐकलं असतं तर कळलं असतं.

परत पत्राकडे. नवीन भाषांतर सांगलीला गेलं आणि चार दिवसांनी आईंचं उत्तर आलं, आता ते मला स्वीडिशमध्ये न्यायचं होतं. त्यात वाक्य होतं, "आमचा काळजाचा तुकडा तुमच्या ओटीत घातलाय, पोटच्या पोरीसारखं सांभाळून घ्या." मी हे वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले. मराठीत हे वाक्य पिढ्यान्पिढ्या असंच म्हटलं जातं आणि म्हणणारी बाई खरंच काळीज काढून देत असते. पण स्वीडिशमध्ये हे सरळ नेलं तर दोन गोष्टी होतात, एक तर रक्तमांसाचं चित्र उभं राहतं, आणि दुसरं जास्त गंभीर, तिशीतल्या कमावत्या बाईला 'सांभाळा' म्हणणं म्हणजे तिला काहीतरी आजार आहे की काय अशी शंका येते. इथे शिडी उलटी वापरायची, वरून खाली. आईंच्या बोलण्यातली नेहमीची पातळी उंच आहे, त्यामुळे हे वाक्य त्यांच्यासाठी नॉर्मल उंचीवरचं आहे, त्या माणसाच्या पातळीवर ते कुठे येईल? मी लिहिलं, "वी एर ग्लादा आत होन हार एर." आम्हाला बरं वाटतं की तिला तुम्ही आहात. आईंना फोन करून हे वाचून दाखवलं, उलटं मराठी करून सांगितलं, कारण त्यांच्या काळजाचा तुकडा मी गपचूप काढून टाकणं मला पटलं नसतं. त्या म्हणाल्या इतकं कोरडं? मी म्हटलं काकू, त्यांच्या पत्रात बघा, तिथे कुठे ओलं आहे, आणि तरी तुम्हाला आता कळलं ना. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या जाऊ दे, पाठव तू.

पाठवताना आईंनी दोन किलो चिवडा दिला. तिकडून यूर्ट्रॉनच्या जॅमची एक बाटली आली, झाकणावर पेननं वर्ष लिहिलेलं, चिठ्ठी वगैरे काही नाही. आईंनी ती बाटली देवघराच्या कपाटात ठेवली, उघडली नाही.

आणि एक दिवस मुलीला म्हणाल्या, ती खुंटी कशी आहे गं, फोटो पाठव. मुलगी त्या आठवड्यात उत्तरेला गेलेलीच होती, तिनं पाठवला. लाकडी फळी, सहा खुंट्या, डावीकडून दुसरीवर हिचा मोरपंखी रेनकोट. आईंनी झूम करून बघितलं आणि विचारलं, पहिल्या खुंटीवर जुनाट हिरवा कोट कुणाचा. मुलगी म्हणाली, "बाबांचा. आधी दुसरीवर त्यांच्या कुत्र्याचा पट्टा असायचा, तो त्यांनी खाली खिळ्याला लावला."